राहते घर विकल्यावरचा कर: निर्देशांक, 12.5 टक्के आणि पुनर्गुंतवणूक यांचा हिशेब कोणत्या क्रमाने मांडावा

घर विकल्यावर कर वाचवायचा असेल तर दुसरे घर घ्यावे लागते, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. मात्र आपल्याला नेमका किती कर लागणार आहे आणि तो शून्यावर आणण्यासाठी किती रक्कम गुंतवावी लागेल, हे न पाहताच नव्या घराचा विसार दिला जातो. 23 जुलै 2024 पासून नियम बदलल्यावर हा क्रम विशेष महागात पडू शकतो. पुढील विवेचन 31 मार्च 2026 पर्यंत झालेल्या विक्रीसाठी, म्हणजे 1961 च्या आयकर कायद्याखालील आहे. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या 2025 च्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे नंतर विक्री करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सुरुवातीलाच एक गोष्ट तपासावी. घर आपल्याकडे 24 महिन्यांहून अधिक काळ असेल तरच नफा दीर्घकालीन ठरतो. त्याआधी विकल्यास नफा अल्पकालीन धरला जातो, तो इतर उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने कर लागतो आणि खाली वर्णन केलेली कोणतीही सूट मिळत नाही. वारसाहक्काने, मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने मिळालेल्या घराच्या बाबतीत मूळ मालकाचा ताबाकाळही मोजला जातो, त्यामुळे वडिलोपार्जित घर विकणाऱ्याला 24 महिन्यांची चिंता सहसा करावी लागत नाही.

विक्रीची किंमत: करारातली की रेडी रेकनरची?

हिशेब विक्रीच्या किमतीपासून सुरू होतो, पण करारात लिहिलेली किंमत आयकर खाते डोळे झाकून मान्य करत नाही. मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य, म्हणजे महाराष्ट्रात रेडी रेकनरप्रमाणे येणारे मूल्य, करारातल्या किमतीच्या 110 टक्क्यांहून अधिक असेल, तर कलम 50सीप्रमाणे तेच मूल्य विक्रीची किंमत मानले जाते. फरक 10 टक्क्यांच्या आत असेल तर करारातली किंमत चालते. जुन्या इमारतीतले, लिफ्ट नसलेले वरच्या मजल्यावरचे घर रेकनरपेक्षा बरेच स्वस्त जाऊ शकते. अशा वेळी विक्रेत्याला प्रत्यक्षात न मिळालेल्या पैशावरही कर भरावा लागतो आणि खरेदीदाराच्या उत्पन्नातही तोच फरक धरला जातो. त्यावर उपाय म्हणजे विवरणपत्रात करारातलीच किंमत दाखवून, कर निर्धारणाच्या वेळी विभागीय मूल्यांकन अधिकाऱ्याकडून मूल्य ठरवून घेण्याची मागणी करणे. म्हणून सौदा पक्का करण्याआधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या विभागाचा चालू दर पाहून ठेवावा.

करार आणि नोंदणी यांच्यामध्ये आर्थिक वर्ष बदलून रेकनर वाढला, तर कराराच्या तारखेचे मूल्य धरता येते. मात्र त्या तारखेपर्यंत काही रक्कम बँकेमार्फत, म्हणजे धनादेशाने किंवा ऑनलाइन, मिळालेली असली पाहिजे. रोखीने घेतलेला विसार इथे उपयोगी पडत नाही.

विक्रीसाठी थेट झालेला खर्च, उदाहरणार्थ दलाली किंवा करारासाठी वकिलाला दिलेली फी, या किमतीतून वजा होतो. पावती आणि बँकेतून दिल्याची नोंद हवी.

मूळ खर्च कसा धरावा

खरेदीच्या खर्चात करारातली किंमत, त्या वेळचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी येते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बरेच जण विसरतात, आणि ती रक्कम किरकोळ नसते. नंतर घरात केलेली कायमस्वरूपी सुधारणा, जसे की बाल्कनी बंदिस्त करून खोली वाढवणे किंवा संपूर्ण नळजोडणी नव्याने करणे, वेगळी मोजता येते, पण रंगरंगोटी आणि डागडुजी त्यात बसत नाही. गृहकर्जाच्या ज्या व्याजाची वजावट तुम्ही आधीच विवरणपत्रात घेतली आहे, तेही आता खर्चात मिळवता येत नाही.

घर 1 एप्रिल 2001 पूर्वी घेतले असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या तारखेचे वाजवी बाजारमूल्य खर्च म्हणून धरण्याचा पर्याय आहे, आणि बहुतेक वेळा तोच फायद्याचा असतो. यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. हे मूल्य त्या तारखेच्या मुद्रांक शुल्क मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, म्हणून 2001 चा रेकनर पाहिल्याशिवाय काढलेल्या फुगीर अहवालाचा काही उपयोग नाही. 2001 नंतर वारसाहक्काने आलेल्या घरालाही मूळ मालकाचाच खर्च लागतो. महागाईप्रमाणे मूळ खर्च वाढवून धरण्यासाठीचा निर्देशांक वारसाच्या वर्षापासून नव्हे, तर मूळ मालकाच्या वर्षापासून मोजावा, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

दोन मार्ग आणि त्यातला कमी कर

23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर आहे आणि नफा काढताना महागाईचा निर्देशांक लावता येत नाही. परंतु घर त्या तारखेपूर्वी घेतलेले असेल आणि विक्रेता निवासी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तर कलम 112 मधील तरतुदीनुसार जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून 20 टक्के दराने येणारा करही काढून पाहायचा असतो. नव्या पद्धतीचा कर जुन्या पद्धतीपेक्षा जास्त आला, तर वरचा फरक सोडून दिला जातो. थोडक्यात, दोन्हींतला कमी कर लागतो.

निर्देशांकाचे पायाभूत वर्ष 2001-02 असून त्याचा अंक 100 आहे. 2014-15 चा अंक 240, 2021-22 चा 317, तर 2025-26 चा 376 आहे. विक्रीच्या वर्षाचा अंक भागिले खरेदीच्या वर्षाचा अंक, या गुणोत्तराने मूळ खर्चाला गुणले की निर्देशांकित खर्च मिळतो.

कोणता मार्ग कमी कराचा ठरेल, हे आधीच सांगणारे एक छोटे सूत्र दोन्ही करांची बरोबरी मांडली की सहज निघते. निर्देशांकाच्या गुणोत्तराला 8 ने गुणावे, त्यातून 5 वजा करावेत आणि आलेल्या संख्येला 3 ने भागावे. विक्रीची निव्वळ किंमत मूळ खर्चाच्या जितकी पट आहे ती पट या उत्तरापेक्षा जास्त असेल तर 12.5 टक्क्यांचा मार्ग स्वस्त, कमी असेल तर निर्देशांकाचा मार्ग स्वस्त. 2025-26 मधील विक्रीसाठी 2001 च्या मूल्यावर ही सीमा सुमारे 8.4 पट येते, 2014-15 च्या खरेदीवर सुमारे 2.5 पट, आणि 2021-22 च्या खरेदीवर सुमारे दीडपट. वेगवेगळ्या वर्षी मोठी सुधारणा केली असेल तर मात्र सूत्रावर न विसंबता पूर्ण आकडेमोड करावी.

2014-15 मध्ये सर्व खर्चासह 60 लाखांना घेतलेला फ्लॅट 2025-26 मध्ये 1 कोटीला विकला असे समजू. किंमत केवळ 1.67 पट झाली आहे, म्हणजे निर्देशांकाचा मार्ग स्वस्त पडणार. निर्देशांकाशिवाय नफा 40 लाख आणि कर 5 लाख रुपये येतो. निर्देशांक लावल्यावर खर्च 94 लाख होतो, नफा 6 लाख उरतो आणि 20 टक्क्यांनी कर 1 लाख 20 हजार रुपये येतो. उपकर वेगळा. गेल्या दशकभरात किमती फारशा न वाढलेल्या भागांत असेच चित्र दिसेल. एवढा कर वाचवण्यासाठी कोणी दुसरे घर घ्यायला निघाला, तर नव्या घराचे मुद्रांक शुल्कच करापेक्षा कितीतरी अधिक होईल. निर्देशांकित खर्च विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त आला तर कर शून्य होतो, पण तो तोटा पुढे ओढता येत नाही किंवा दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

वडिलोपार्जित फ्लॅटचे सविस्तर उदाहरण

आता ज्या घराला पुनर्गुंतवणुकीची खरोखर गरज आहे, असे उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडमध्ये वडिलांनी 1995 मध्ये घेतलेला फ्लॅट त्यांच्या एकुलत्या एक मुलीला वारसाहक्काने मिळाला. ती निवृत्त आहे, तिचे पेन्शन करमुक्त मर्यादेच्या थोडे वर आहे. 14 नोव्हेंबर 2025 रोजी फ्लॅट 96 लाखांना विकला गेला. रेकनरचे मूल्य त्यापेक्षा कमी आहे. दलाली 96 हजार गेली, म्हणजे निव्वळ किंमत 95,04,000 रुपये. मूल्यांककाच्या अहवालानुसार 1 एप्रिल 2001 चे मूल्य 8 लाख असून ते त्या वेळच्या रेकनरच्या मर्यादेत आहे.

निर्देशांकाशिवाय नफा 87,04,000 रुपये येतो आणि 12.5 टक्क्यांनी कर 10,88,000 रुपये. निर्देशांक लावल्यास खर्च 30,08,000, नफा 64,96,000 आणि 20 टक्क्यांनी कर 12,99,200 रुपये. किंमत जवळपास बारापट झाल्यामुळे 12.5 टक्क्यांचा मार्ग स्वस्त आहे. इथे एक बाब हमखास निसटते. हा नफा धरून तिचे एकूण उत्पन्न 50 लाखांच्या वर जाते, त्यामुळे करावर 10 टक्के अधिभार आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो. प्रत्यक्ष कर 12,44,672 रुपये होतो.

पुनर्गुंतवणुकीचे दोन दरवाजे

पहिला कलम 54 चा. भारतातच दुसरे निवासी घर विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षे नंतरपर्यंत खरेदी केले, किंवा विक्रीनंतर तीन वर्षांत बांधले, तर नव्या घरावर खर्च झालेली रक्कम नफ्यातून वजा होते. संपूर्ण विक्रीची रक्कम गुंतवण्याची गरज नाही, नफ्याइतकी पुरते. आमच्या उदाहरणात नोव्हेंबर 2024 ते नोव्हेंबर 2027 या काळातील खरेदी चालेल, बांधकाम नोव्हेंबर 2028 पर्यंत पूर्ण व्हावे लागेल. नफा 2 कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा एका घराऐवजी दोन घरांचा पर्याय घेता येतो. सवलतीची कमाल मर्यादा 10 कोटी आहे.

बिल्डरकडे बुक केलेला बांधकामाधीन फ्लॅट खरेदीत मोडतो की बांधकामात, यावर वाद होतात. तो बांधकाम मानून तीन वर्षे मिळतात असा युक्तिवाद अनेकदा यशस्वी झाला आहे. तरीही ताबा तीन वर्षांच्या पलीकडे जाण्याची शक्यता दिसत असेल, तर करसवलत त्या ताब्याच्या भरवशावर ठेवू नये. महारेरावर नोंदवलेली प्रकल्पपूर्तीची तारीख विक्रीपासून दोन-अडीच वर्षांच्या आतली असेल तरच अशा बुकिंगचा विचार करावा, असे माझे मत आहे. नवे घर विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावर घ्यावे, फक्त मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर घेऊ नये. या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका कडक आहे.

दुसरा दरवाजा कलम 54ईसीचा. विक्रीपासून सहा महिन्यांत आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या अधिसूचित संस्थांच्या रोख्यांत 50 लाखांपर्यंत गुंतवता येतात. पाच वर्षे पैसे अडकतात आणि व्याज करपात्र असते. तेवढ्या काळात रोखे तारण ठेवून कर्ज काढले तरी सवलत गेली असे समजावे. मर्यादा प्रत्येक व्यक्तीला वेगळी आहे, त्यामुळे तीन भावंडांच्या सामाईक घरात प्रत्येकजण आपापल्या हिश्श्यावर वेगळी सवलत घेऊ शकतो. अर्जावर किंवा धनादेशावर नव्हे, तर रोख्यांच्या वाटपाच्या कागदावर कोणती तारीख पडते ते तपासावे आणि सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये.

दोन्ही सवलती एकत्र घेता येतात. आपल्या उदाहरणातली मुलगी मुद्रांक शुल्कासह 55 लाखांचा छोटा फ्लॅट घेणार आहे. निर्देशांकाशिवायच्या नफ्यातून तेवढे वजा केले की 32,04,000 उरतात, आणि तेवढे रोख्यांत घातले की नफा शून्य. बहुतेक सल्लागार इथेच थांबतात.

तुलना सवलतीनंतर करावी

कलम 112 मधील शब्द नीट वाचले की वेगळे चित्र दिसते. तिथे नव्या पद्धतीने येणाऱ्या कराची तुलना, दुरुस्तीपूर्वीच्या तरतुदींनुसार जो कर आला असता त्याच्याशी करायला सांगितली आहे. त्या जुन्या तरतुदींत सवलत निर्देशांकित नफ्यातूनच वजा होत असे. म्हणजे पहिला स्तंभ निर्देशांकाशिवायचा आणि दुसरा निर्देशांकाचा मांडून, दोन्ही स्तंभांत सवलत वजा करून मगच तुलना करायची.

55 लाखांचे घर घेतल्यावर पहिल्या स्तंभात 32,04,000 नफा आणि 4,00,500 रुपये कर राहतो. दुसऱ्या स्तंभात 64,96,000 मधून 55 लाख वजा होऊन 9,96,000 उरतात आणि 20 टक्क्यांनी कर 1,99,200 येतो. सवलतीआधी 12.5 टक्के स्वस्त होते, सवलतीनंतर निर्देशांकाचा मार्ग स्वस्त झाला. रोख्यांत 32 लाखांऐवजी 9,96,000 गुंतवले, तरी दुसऱ्या स्तंभातला कर शून्य होतो आणि लागू होणारा करही शून्य. उरलेले 22 लाख रुपये पाच वर्षे अडकवण्याची गरज राहत नाही.

हे वाचन कायद्याच्या शब्दांना धरून आहे, पण खात्याने प्रश्न विचारलाच तर उत्तर हाताशी असावे. म्हणून दोन्ही स्तंभांची आकडेमोड सनदी लेखापालाकडून लेखी करून घ्यावी आणि विवरणपत्र भरताना प्रणाली कर शून्य दाखवते का, ते सादर करण्याआधी पाहावे. नोटिशीचा पत्रव्यवहार ज्याला अजिबात नको आहे, त्याने पहिल्या स्तंभाप्रमाणे पूर्ण रक्कम गुंतवावी.

घर अजून घेतले नसेल तर

विवरणपत्र भरण्याच्या मूळ मुदतीपर्यंत, म्हणजे साधारणतः 31 जुलैपर्यंत, नवे घर झाले नसेल, तर न वापरलेली रक्कम भांडवली नफा खाते योजना, 1988 खालील खात्यात भरावी लागते. हे खाते अधिकृत बँकांच्या ग्रामीण नसलेल्या शाखांत उघडते. बचत खात्यासारखा ए प्रकार आणि मुदत ठेवीसारखा बी प्रकार असे दोन प्रकार असतात. बिल्डरला टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचे असतील तर ए प्रकार सोयीचा. काढलेली रक्कम 60 दिवसांत घरासाठी वापरावी लागते. पैसे आपल्याच साध्या मुदत ठेवीत पडून असल्याचे दाखवून सवलत मिळत नाही. मुदत चुकल्यावर भरलेल्या विलंबित विवरणपत्राच्या आधारे काहींना न्यायालयात दिलासा मिळाला असला, तरी तो मार्ग मुद्दाम निवडू नये. तीन वर्षांत वापरली न गेलेली रक्कम त्या तिसऱ्या वर्षात दीर्घकालीन नफा म्हणून करपात्र होते, आणि खाते बंद करण्यासाठी आयकर अधिकाऱ्याची परवानगी लागते.

टीडीएस, आगाऊ कर आणि विवरणपत्र

किंमत किंवा मुद्रांक मूल्य 50 लाख वा अधिक असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापून 26क्यूबी या फॉर्मने भरतो. आमच्या उदाहरणात ते 96 हजार होतात. ही रक्कम आपल्या नावे जमा कर दाखवणाऱ्या 26एएस या विवरणात दिसेपर्यंत खरेदीदाराचा पाठपुरावा करावा, पॅनमधली एका अक्षराची चूकही परतावा अडकवते. कर भरायचा असेल तर विक्रीनंतरच्या आगाऊ कराच्या हप्त्यांत तो भरावा, मात्र व्यावसायिक उत्पन्न नसलेल्या 60 वर्षांवरील निवासी व्यक्तीला आगाऊ कर लागू नाही. संपूर्ण नफा सवलतीत गेला तरी विवरणपत्र टळत नाही, कारण ते भरण्याची मर्यादा सवलतीपूर्वीच्या उत्पन्नावर मोजली जाते. आयटीआर-1 चालत नाही, साधारणतः आयटीआर-2 लागतो.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी नियम कडक आहेत. विक्रीच्या वर्षी अनिवासी असलेल्या विक्रेत्याला निर्देशांकाच्या तुलनेचा लाभ नाही, त्याला 12.5 टक्केच लागतात, पण कलम 54 आणि 54ईसी त्यालाही मिळतात. खरेदीदार त्याच्याकडून 1 टक्का नव्हे, तर दीर्घकालीन नफ्याच्या दराने टीडीएस कापतो आणि नफा किती हे ठरवता न आल्याने तो अनेकदा पूर्ण किमतीवर कापला जातो. म्हणून करार करण्याआधीच आयकर खात्याकडे कमी दराच्या टीडीएसचे प्रमाणपत्र मागावे. ते मिळायला वेळ लागतो, त्यामुळे सौद्याची तारीख त्यानुसार ठेवावी.

नवे घर तीन वर्षे ठेवावे लागते

नवे घर घेतल्यापासून तीन वर्षांत विकले, तर त्याच्या खर्चातून आधी घेतलेली सूट वजा केली जाते. आपल्या उदाहरणात 55 लाखांच्या घरावर 55 लाखांची सूट घेतली आहे, म्हणजे त्याचा खर्च शून्य धरला जाईल. ते अडीच वर्षांनी 62 लाखांना विकले, तर 7 लाख नव्हे, पूर्ण 62 लाख नफा होईल. विक्री दोन वर्षांच्या आत झाली तर तो अल्पकालीन ठरून नेहमीच्या दराने कर लागेल, आणि मग कलम 54 ची सवलतही पुन्हा घेता येणार नाही.